आडनावाआधी तहसील, नावाआधी जन्मसाल

प्रश्न: «माझी पहिली कादंबरी १९८७ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात घडते. गावातलं एक शेतकरी कुटुंब, त्या घरात अकोल्याकडून आलेली सून, पाटबंधारे खात्यातला साताऱ्याचा साहेब आणि लातूरकडचा बँकवाला अशी मुख्य पात्रं आहेत. मी मूळचा पुण्याचा, आता नोकरीमुळे नागपुरात. विभागवार नावा-आडनावांची यादी कुठे मिळेल का? कुणाच्या जातीवर बोट ठेवायचं नाहीये.»

याद्या मिळतात, पण त्यांनीच जास्त घोळ होतो. "विदर्भातली आडनावं" अशी यादी समोर ठेवून नावं वाटली, की अमरावतीचा गावंडे, राजुऱ्याचा कुणी -वार आणि तिरोड्याचा रहांगडाले एकाच गल्लीत शेजारी म्हणून राहायला येतात. पुण्यातल्या वाचकाला तिन्ही "विदर्भाचे" वाटतील. भंडाऱ्याचा वाचक मात्र दुसऱ्या पानावरच ओळखेल की लेखक या गावात कधी उतरलेला नाही. म्हणून विभाग सोडा. प्रत्येक पात्रापुढे दोनच गोष्टी लिहा: घराण्याची तहसील आणि जन्मसाल. आडनाव तहसिलीतून येतं, नाव जन्मसालातून.

एक अडचण सुरुवातीलाच सांगतो. जातीवर बोट ठेवायचं नाही हे ठीक, पण मराठी खेड्यात आडनाव वाचलं की वाचक जात वाचतोच. लेखकाने विचार केला नाही म्हणून ते टळत नाही. उलट भलतीच जात छापली जाते आणि पुढचे लग्नाचे, पाणवठ्याचे, पंगतीचे प्रसंग त्या आडनावाशी विसंगत होतात. तुमच्या हातात दोन मार्ग आहेत. एक, पात्राची जात स्वतःपुरती नक्की ठरवा आणि कादंबरीत तिचा उच्चार करू नका. दोन, जिथे खरंच मोकळं ठेवायचं आहे तिथे अनेक समाजांत चालणारं आडनाव घ्या. पूर्व विदर्भात शेंडे, बोरकर, राऊत, चौधरी ही तशी आडनावं आहेत. मेश्राम गोंडांमध्येही आहेत आणि बौद्धांमध्येही. दुय्यम पात्रांना दुसरा मार्ग पुरतो. ज्या घरात लग्न, वाटणी किंवा मयत दाखवायची आहे, त्या घराला पहिलाच लागतो.

आता भंडारा जिल्हा. १९८७ सालचा भंडारा म्हणजे आजचा भंडारा आणि गोंदिया मिळून, कारण गोंदिया वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. तुमच्या पात्रांच्या तोंडी "गोंदिया जिल्हा" येता कामा नये. पण एवढ्या मोठ्या जिल्ह्यातही नावांची पट्टी बदलते. उत्तरेकडे तिरोडा, गोरेगाव, आमगाव या बाजूला पोवारांची वस्ती दाट. तिथे पटले, रहांगडाले, बिसेन, टेंभरे, कटरे, बघेले ही आडनावं, घरात पोवारी बोली आणि बालाघाट जवळ असल्यामुळे पुरुषांच्या नावांत -लाल आणि -चंद सहज: भैयालाल, हिरालाल, टेकचंद. दक्षिणेकडे साकोली, लाखांदूर, अर्जुनी या बाजूला कोहळी समाज आहे, म्हणजे तलाव बांधणारा समाज. नवेगाव बांधचा तलाव लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगते. त्यांच्यात कापगते, डोंगरवार, काशिवार, लंजे, पुस्तोडे, संग्रामे, गहाणे, हातझाडे अशी आडनावं. ही बहुतेक याच पट्ट्यात सापडतात. म्हणूनच ती कादंबरीला उपयोगी: "कापगते" म्हटलं की गाव कुठे आहे हे वर्णनाशिवाय कळतं.

इथे -वार या शेवटाचा एक सापळा आहे. चंद्रपूरच्या दक्षिणेला, गडचिरोलीत सिरोंचा-अहेरीकडे, यवतमाळच्या काही भागात आणि नांदेडच्या किनवट-देगलूर बाजूला जे -वार येतात, त्यातल्या पुष्कळांवर तेलुगू छाप आहे. आडनावाचा पहिला भागच तेलुगू कानाचा असतो: मुनगंटीवार, वडेट्टीवार, येरावार. साकोलीकडच्या डोंगरवार आणि काशिवारमध्ये मात्र पहिला शब्द सरळ डोंगर आणि काशी आहे. शेवट सारखा, घराणी वेगळी. साकोलीच्या गावात तुम्ही एक गड्डमवार बसवला, तर तो बाहेरून आलेला दुकानदार किंवा नोकरदार ठरतो. तसा हवा असेल तर उत्तम, नको असेल तर चूक.

तुमचं गाव साकोली तहसिलीत आहे असं धरून पुढे जातो. गावात आडनावं किती असावीत? नवख्या लेखकाच्या हस्तलिखितात पंधरा घरं असली तर पंधरा आडनावं असतात. खऱ्या गावात तसं नसतं. तीन-चार आडनावांत निम्म्याहून जास्त गाव बसतं, बाकीची एकेक-दोनदोन घरं. म्हणून तुमच्या पंधरा घरांत पाच घरं कापगते ठेवा, तीन रामटेके, दोन मेश्राम, दोन शेंडे आणि उरलेली तीन वेगळी. मग वाचक गोंधळणार नाही का? नाही, कारण अशा गावात माणसाला कुणी आडनावाने हाकच मारत नाही. पाच कापगत्यांमध्ये फरक करायला गाव स्वतःच नावं काढतं: तलावाजवळचे, मोठ्या आंगणाचे, लंगड्या बाबुराव, दूधवाला. हीच नावं संवादात वापरा. आडनाव यावं ते सातबाऱ्यावर, शाळेच्या हजेरीत, बँकेच्या फॉर्मवर आणि लग्नपत्रिकेत. म्हणजे प्रत्येक पात्राला दोन नावं लागतात, एक कागदावरचं आणि एक तोंडातलं. पहिल्या मसुद्यात हे दुसरं नावच नसतं, आणि गाव खोटं वाटायचं ते बरेचदा एवढ्यावरून.

"पाटील" शब्दाचंही असंच. जळगाव, कोल्हापूर, सांगलीत पाटील हे कागदावरचं आडनाव म्हणून घरोघरी आहे. तुमच्या गावात ते बहुधा मानाचं संबोधन असेल. सगळे ज्याला पाटील म्हणतात, त्याचं आडनाव कागदावर कापगते किंवा डोंगरवार. आणि गावातलं जुनं मोठं घर इनामदाराचं किंवा जहागिरदाराचं करू नका. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या भागात मालगुजारी होती. ती १९५१ साली कायद्याने संपली, पण १९८७ सालीही म्हातारे लोक त्या घराला मालगुजाराचा वाडाच म्हणत. वऱ्हाडात रयतवारी होती, तिथे मोठं घर म्हणजे देशमुखांचं. त्याच सुरात, इकडे तलाठ्याला पटवारी म्हणतात आणि तालुक्याला तहसील. लहान शब्द आहेत, पण नावांच्या शेजारीच बसतात, त्यामुळे लगेच खटकतात.

आता जन्मसाल. कादंबरी १९८७ची. आजोबा ७६ वर्षांचे, म्हणजे जन्म १९११. त्या काळी या भागात मूल ज्या वारी किंवा महिन्यात जन्मलं त्यावरून नाव ठेवायची सर्रास रीत होती. मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधा किंवा बुधराम, शुक्रवारचा सुकरू, रविवारचा इतवारी. महिन्यांवरून चैतराम, श्रावण, भादू. आधीची मुलं दगावली असतील तर मुलाला मुद्दाम हलकं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. कवडी देऊन विकत घेतल्यासारखं करून ठेवलेला कवडू, चिंध्यांचा चिंधू, उकिरड्यावर ठेवून उचललेला उकर्डा. यातली कवडू आणि चिंधू इकडे चालतात, उकर्डा वऱ्हाडात जास्त, खानदेशात त्याचाच उखर्डू किंवा उखा होतो, आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याच हेतूने धोंडू, दगडू, केरबा ठेवतात. आजोबांचं नाव कवडू ठेवलं, तर त्यांच्या आधी दोन भावंडं गेली हे तुम्ही न सांगता सांगितलंत. आजीसाठी गिरजा, पार्वता, देवका, अंजना, तुळसा, मागे बाई लावून.

मुलगा १९३८चा. तोवर भजनी मंडळांचा आणि संतांच्या नावांचा प्रभाव आलाय: पुंडलिक, नामदेव, तुकाराम, मारोती. इकडे मारोती लिहितात, मारुती नाही. नातू १९६२चा, तेव्हा प्रकाश, मनोहर, विनोद, सुरेश. नात १९७१ची, संगीता, कल्पना, माया, वंदना. पणतू १९८५चा असेल तर राकेश किंवा स्वप्निल. चार पिढ्यांची ही ओळ मोठ्याने वाचा: कवडू, पुंडलिक, प्रकाश, राकेश. शहर गावात कसं शिरलं ते या चार शब्दांत दिसतं. १९११चा आजोबा "विलास" असेल किंवा १९८५चा पणतू "कवडू" असेल, तर पहिल्या प्रकाराला माफी नाही आणि दुसऱ्याला कारण द्यावं लागेल.

कागदावर हे नाव कसं दिसेल? प्रकाश पुंडलिक कापगते. पण विदर्भात बापाच्या नावाला कागदावरही -जी लागलेलं पुष्कळदा दिसतं, प्रकाश पुंडलिकजी कापगते, आणि मध्य प्रांताच्या काळातल्या जुन्या जमिनीच्या कागदांत पुंडलिक वल्द कवडू, म्हणजे कवडूचा मुलगा पुंडलिक. आजोबांच्या वाटणीचा जुना कागद कादंबरीत येणार असेल तर हा "वल्द" विसरू नका. तोंडी मात्र बरोबरीचे त्याला पुंडलिकजी म्हणतील, लहानपणचे सोबती पुंडल्या.

बोलीचाही थोडा विचार करा, कारण ती नावं बदलते. झाडीबोलीत ळ नाही, त्याचा र होतो. म्हणून मंगळूचा मंगरू. वऱ्हाडात त्याच ळचा य होतो, डोळ्याचा डोया. काळे आडनावाचा माणूस अकोल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी काये होतो आणि साकोलीकडे कारे. संवादात हे प्रत्येक ठिकाणी लिहू नका, वाचक थकतो. एका पात्राच्या तोंडी, एकाच आडनावावर, दोन-तीनदा आलं की पुरे.

सुनेपाशी तुमची खरी अडचण आहे, आणि ती नावाची नाही, कथानकाची आहे. घर कापगते आणि सून अकोल्याची, १९८७ सालचं ठरवून झालेलं लग्न: हे जमत नाही. कोहळी समाज वैनगंगेच्या आसपासच्या जिल्ह्यांतच आहे. मुलगी पाहायची तर ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा या बाजूला जातील, अकोल्याला नाही. कुणबी घेतले तरी तीच गोष्ट, वऱ्हाडातले तिरळे कुणबी आणि इकडचे झाडे कुणबी यांच्यात तेव्हा सहसा सोयरीक होत नसे. मग तीन वाटा उरतात. सुनेचं माहेर नागभीडला हलवा. किंवा लग्न प्रेमाचं करा, पण मग गाव त्याबद्दल बोलल्याशिवाय राहणार नाही, आणि तो कादंबरीचा विषयच होऊन बसेल. किंवा शेतकरी घर अशा समाजाचं करा जो दोन्हीकडे आहे.

तिसरी वाट मला सगळ्यांत फलदायी वाटते. घर रामटेके करा. पूर्व विदर्भातल्या बौद्ध घरांमध्ये रामटेके, गजभिये, खोब्रागडे, टेंभुर्णे, वासनिक, गणवीर ही आडनावं. अकोला-अमरावतीकडे इंगळे, तायडे, वानखडे, गवई, खंडारे. तिकडे बरेच जण वानखडे लिहितात, वानखेडे नाही, तेही जपा. इथे जन्मसालाचा नियम एकदम धारदार होतो, कारण मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ आहे, नागपूरची धम्मदीक्षा. त्याआधी जन्मलेले आजोबा दशरथ, वडील सुकरू. त्यानंतरची मुलं मिलिंद, सिद्धार्थ, आनंद, राहुल, मुली सुजाता, यशोधरा, संघमित्रा, करुणा. बाबासाहेबांनी १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती, तेव्हा इथल्या घरात भीमराव हे नाव १९५६च्या आधीही शोभतं. मुलगा १९६२चा मिलिंद सुकरूजी रामटेके, सून १९६४ची सुजाता पुंजाजी इंगळे. बापलेकीची ही दोन नावं, पुंजाजी आणि सुजाता, एका ओळीत आली की मधल्या वर्षांत काय घडलं ते वाचकाला आपोआप दिसतं. लग्नानंतर ती कागदावर सुजाता मिलिंद रामटेके होईल. गाव मात्र तिला बरीच वर्षं "अकोलेवाली" म्हणेल, आणि तिच्या तोंडचा य आणि सासूच्या तोंडचा र यांची गंमत तुम्हाला फुकट मिळेल. कापगते मग शेजारचे, जमीन जास्त असलेले. हे नातं कसं रंगवायचं ते तुमच्या हातात.

साताऱ्याचा साहेब तुम्ही पाटबंधारे खात्यात घातलात हे बरं केलंत. प्राथमिक शिक्षक किंवा ग्रामसेवक केला असता तर प्रश्न आला असता, कारण ती जिल्हा परिषदेची पदं, तेव्हा भरती आणि बदली जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. राज्याच्या खात्यातला अभियंता कुठूनही येतो, आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झालं, तेव्हा १९८७ साली या भागात मोजणीवाले साहेब फिरत असणं पटतं. त्याला सातारकर हे आडनाव मात्र देऊ नका. -करचा नियम साधा आहे: गावात राहणाऱ्याला त्याच गावचा -कर कुणी म्हणत नाही, गाव सोडून दुसरीकडे वसलेल्या घराण्याला म्हणतात. नागपूरच्या जुन्या विणकर वस्त्यांत उमरेडकर, पौनीकर, खापेकर सापडतात ते याच कारणाने. साताऱ्यातच शेती असलेल्या माणसाचं आडनाव खटाव बाजूचं फडतरे ठेवा, किंवा माने, कदम, जाधव, साळुंखे. जन्म १९५०च्या आसपास, नाव हणमंत. एकाच देवाची ही रूपं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: सातारा-सांगलीकडे हणमंत, विदर्भात मारोती. बापाचं नाव ज्ञानू किंवा बापू, आईचं हौसाबाई. सांगली-कोल्हापूरचा असता तर कागदावर बाळासो, आप्पासो असा -सो आला असता. त्याला तीन-चार बहिणी असतील तर सगळ्यांत धाकटीचं नाव नकुसा असू शकतं. हे नाव इतकं रुळलेलं होतं की २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८०हून अधिक मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलावी लागली. त्या बहिणीचं पत्र साकोलीला आलं आणि पाकिटावर पाठवणारीचं नाव एवढंच दिसलं, तरी साहेबाचं घर कळतं.

गाव त्याला काय म्हणेल? फडतरे हे नाव इथल्या तोंडाला नवीन आहे. "फडतरे साहेब" असं कार्यालयात, आणि गावात "सातारचे साहेब". त्याच्या तोंडी मात्र आबा, तात्या, अण्णा ही संबोधनं येऊ द्या, ती त्याची आहेत. पुण्याकडच्या लेखकांकडून ही तिन्ही संबोधनं नकळत विदर्भातल्या म्हाताऱ्यांना चिकटतात. इकडे आजोबा म्हणजे आबाजी, सासरा मामाजी, बोलताना शेवटी जी.

लातूरच्या बँकवाल्याकडे थोडं लक्ष. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, त्याआधी तो भाग उस्मानाबाद जिल्ह्यात. १९५५ साली जन्मलेल्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबादच असणार, आणि चिडल्यावर तो तेच म्हणेल. आडनाव निलंगा-औसा बाजूचं बिराजदार घ्या. हे आडनाव एकाहून अधिक समाजांत आहे, त्यामुळे इथे नावानेच दिशा ठरते. "मन्मथ शिवलिंग बिराजदार" लिहिलं की घर लिंगायत. "व्यंकट माणिकराव बिराजदार" लिहिलं की प्रश्न मोकळा. तिरुपतीच्या ओढीमुळे व्यंकट आणि बालाजी ही नावं लातूर-नांदेडकडे भरपूर, साताऱ्याकडे तितकी नाहीत. बीडकडचा माणूस असता तर मच्छिंद्र, गहिनीनाथ, नवनाथ, ही नाथांची नावं तिकडे नगरच्या सीमेपर्यंत पसरलेली आहेत. शिवाय त्याचा बाप निजामाच्या राज्यात वाढला. सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथला कारभार उर्दूत. बाप उर्दूत सही करतो हे एक वाक्य "मराठवाडा" या शब्दापेक्षा जास्त काम करतं.

कोकण आणि खानदेश तुमच्या कथेत नाहीत, म्हणून एवढंच सांगतो की एकटं आडनाव पुरत नाही. राणे सिंधुदुर्गातही आहेत आणि यावल-रावेरच्या लेवा पाटीदारांतही. बोंडे जळगावातही, अमरावतीतही. तिथे नावच सांगतं: रवळनाथावरून रवळू म्हटला तर सिंधुदुर्ग, दगा किंवा हिलाल म्हटला तर खानदेश.

ही सगळी नावं पडताळायची कशी? साकोली विधानसभेच्या मतदार याद्या मराठीत आणि गाव-भागवार प्रसिद्ध होतात. त्यातले शेजारशेजारच्या दोन गावांचे भाग घ्या. यादीत नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक आणि वय असतं. यादीच्या सालातून वय वजा केलं की जन्मसाल. ऐंशीच्या पुढच्या माणसांची नावं एका कागदावर उतरवा, त्यांच्या बापांची नावं दुसऱ्या कागदावर. दुसरा कागद तुमच्या आजोबांच्या पिढीचा झाला. आडनावं मोजा, पहिली चार कोणती ते पाहा. वयात दोन-चार वर्षांची चूक धरा, कारण जुन्या पिढीचं जन्मसाल शाळेत मास्तरांनी अंदाजे लिहिलेलं असतं. यादीतून पूर्ण नाव कधीच उचलू नका. नाव एका पानावरचं, बापाचं नाव दुसऱ्या, आडनाव तिसऱ्या. आणि जुळवलेलं पूर्ण नाव त्या गावाच्या यादीत पुन्हा शोधा. निघालं तर बदला. विशेषतः सावकार, लाचखाऊ, बाईलवेडा अशी पात्रं असतील तर. बाहेरगावच्या पात्रांसाठी खटाव आणि निलंग्याच्या यादीतलं एकेक गाव पुरे.

लग्नपत्रिकांचाही उपयोग होतो. एका पत्रिकेत आजोबा, काका, मामा, जावई, बालगोपाळ अशा तीन पिढ्या एकाच घरातल्या सापडतात, तेही गावांच्या नावांसकट, आणि मुली कोणत्या तहसिलीत दिल्या हेही. नागपुरात लग्नसराईत हळदीच्या बोटांच्या अशा दहा पत्रिका गोळा करणं अवघड नाही, सहकाऱ्यांकडे मागा. साकोली, पवनी, लाखांदूरकडच्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

आता तुमच्या पात्रांची ओळ अशी उभी राहते: दशरथ, सुकरू, मिलिंद आणि सुजाता रामटेके; शेजारी कवडू, पुंडलिक, प्रकाश कापगते; हणमंत फडतरे; व्यंकट बिराजदार. एक दोष मला यात अजून दिसतो. कवडू कापगते आणि पुढे बांधावरच्या भांडणात येणारा कुणी काशिवार असेल, तर तीन "क" एका पानावर येतील आणि वाचक मागे जाऊन पाहील. पुंडलिक आणि प्रकाश हेही बापलेक दोघे "प". कवडूमागची दगावलेल्या भावंडांची गोष्ट तुम्हाला वापरायची नसेल तर आजोबांना मंगरू करा, बापाला नामदेव. वापरायची असेल तर कवडू राहू द्या आणि घराचंच आडनाव डोंगरवार करा. पहिली गोष्ट सोपी आहे, दुसरी मला आवडेल.